एक स्तंभ रंगीत, बाकीचे करडे

२०११ च्या जनगणनेतले सात आकडे घेऊ. सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकसंख्येत शंभरातले साक्षर किती, हे ते सांगतात. गोवा ८८.७, महाराष्ट्र ८२.३, गुजरात ७८.०, कर्नाटक ७५.४, छत्तीसगड ७०.३, मध्य प्रदेश ६९.३ आणि आंध्र प्रदेश ६७.०. तेलंगण तेव्हा वेगळं झालं नव्हतं, त्यामुळे महाराष्ट्राला लागून असलेली राज्यं सहाच होती.

हे आकडे एक्सेलमध्ये टाकून स्तंभालेख काढला की सातही स्तंभ एकाच निळ्या रंगात उभे राहतात. बघणारा डावीकडून सुरुवात करतो, नावं वाचतो आणि यातून नेमकं काय बघायचं ते शोधत बसतो. आता सगळे स्तंभ करडे करा आणि महाराष्ट्राचा एकच गडद निळा ठेवा. शोधाशोध संपते. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० साली मांडलेल्या सिद्धांतात याचं कारण आहे. आसपासच्या गोष्टींपेक्षा एखादी गोष्ट फक्त रंगाने वेगळी असेल, तर ती शोधायला डोळ्याला एकेक वस्तू तपासावी लागत नाही. सातात असो की सत्तरात, ती जवळजवळ तितक्याच वेळात सापडते.

युक्ती इतकी सोपी आहे की आता ती अहवालात, वर्तमानपत्रात, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पीपीटीतही दिसते. तिच्याबरोबर काही गैरसमजही पसरलेत. ग्राफ काढणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्यात जे वारंवार नडताना पाहिलं, तेवढंच इथे लिहितो.

गैरसमज: स्तंभ रंगवला की मुद्दा पोहोचला

रंग बघणाऱ्याची नजर स्तंभापर्यंत नेतो, तिथे का आणलं हे तो सांगू शकत नाही. वरच्या ग्राफला ‘राज्यनिहाय साक्षरता, २०११’ असं शीर्षक देऊन महाराष्ट्र निळा केला, तर एकाला वाटेल आपण पुढे आहोत, दुसऱ्याला वाटेल गोव्याच्या मागे पडलो, आणि तिसरा समजेल की अहवाल महाराष्ट्राचा आहे म्हणून शिरस्त्याप्रमाणे रंग दिलाय. तिघंही चुकलेले नाहीत, कारण ग्राफ काढणाऱ्याने आपलं वाक्य लिहिलेलंच नाही.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी वाक्य, मग रंग. ‘साक्षरतेत महाराष्ट्राच्या पुढे शेजाऱ्यांपैकी फक्त गोवा’ हे वाक्य ठरलं की रंगीत स्तंभ महाराष्ट्राचा, आणि स्तंभ उतरत्या क्रमाने लावायचे, म्हणजे गोवा त्याच्या शेजारीच येतो. ‘तेव्हाच्या आंध्रात दर तीन माणसांमागे एक निरक्षर’ हे वाक्य असेल तर रंग शेवटच्या स्तंभाला. ‘गोवा नव्वदीच्या उंबरठ्यावर’ म्हणायचं असेल तर पहिल्याला. आकडे तेच, स्तंभांच्या उंचीत केसभरही फरक नाही, तरी हे तीन वेगवेगळे ग्राफ आहेत. कुठला स्तंभ रंगवायचा हे ठरत नसेल तर दोष रंगसंगतीचा नसतो, म्हणायचं काय तेच अजून ठरलेलं नसतं. अशा वेळी मी फाइल बंद करतो आणि कागदावर एक वाक्य लिहून बघतो.

ते वाक्य ग्राफच्या डोक्यावर शीर्षक म्हणून जातं. त्यातला ‘महाराष्ट्र’ हा शब्द स्तंभाच्याच निळ्या रंगात ठेवला, आणि स्तंभावरचा ८२.३ हा आकडाही त्याच रंगात थोडा जाड केला, की शब्द, स्तंभ आणि आकडा एकमेकांना बांधले जातात. रंगांची वेगळी सूची लावायची गरज उरत नाही.

गैरसमज: कुठलाही ठळक रंग चालतो

पडद्यावर चालतो. पण आपल्याकडे अहवाल पडद्यावर राहत नाही. त्याची प्रिंट निघते, प्रिंटची झेरॉक्स निघते आणि बैठकीत लोकांच्या हातात ती झेरॉक्स असते.

नारिंगी रंगाचं उदाहरण घ्या. चार्टमध्ये नेहमी दिसणारी एक नारिंगी छटा आहे, #F28E2B. कॉम्प्युटरवर ती करड्या स्तंभांमध्ये झळकते. काळ्या-पांढऱ्यात नेताना रंगाचा उजेड ठरवायची जी रीत आहे, तिच्यात लाल घटकाला साधारण ३० टक्के, हिरव्याला ५९ आणि निळ्याला ११ टक्के वजन असतं, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो. त्या हिशेबाने या नारिंगीचा करडा होतो तो जवळजवळ #A1A1A1. आणि बाकीच्या स्तंभांना आपण दिलेला असतो #A6A6A6! झेरॉक्सवर सात स्तंभ सारखे दिसतात आणि शीर्षक मात्र एका रंगीत स्तंभाबद्दल बोलत राहतं. गडद निळा, #1F4E79, त्याच हिशेबाने #454545 च्या आसपास उतरतो. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही तो काळाच दिसतो आणि करड्यांपासून वेगळा राहतो.

म्हणजे नुसता रंगाचा फरक पुरत नाही, उजेडाचाही फरक लागतो. ज्यांना काही रंग ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठीही हेच उपयोगी पडतं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं हा बहुतेक वेळा जन्मजात गुण असतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत बराच जास्त आढळतो. त्याच्या एका प्रकारात हिरवट निळ्या आणि गुलाबीच्या काही छटा चक्क करड्या दिसतात. अशी मध्यम छटा करड्या स्तंभांमध्ये ठेवली तर त्या माणसापुरती ती युक्ती घडलेलीच नसते. आणि तो तसं सांगेलच असं नाही, कारण आपल्याला काहीतरी दिसायचं राहिलंय हे त्याला कळणार कसं?

तपासायला वेगळं साधन लागत नाही. मोबाइलवर ग्राफचा फोटो काढा, तो मोनोक्रोम करा आणि हात लांब करून बघा. तुमचा स्तंभ लगेच सापडला तर रंग बरोबर.

लाल रंगाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या मनात लाल म्हणजे शिक्षकांची लाल शाई, नापासाचा शेरा, शेअर बाजारातली पडझड. महाराष्ट्र पुढे आहे असं सांगणाऱ्या ग्राफमध्ये त्याचा स्तंभ लाल केला, तर शीर्षक वाचण्याआधीच बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलंय. भगवा, हिरवा, निळा यांनाही आपल्याकडे पक्षांचा आणि समाजांचा अर्थ चिकटलेला आहे. निवडणुकीच्या किंवा जिल्ह्यांच्या आकड्यांत ‘ठळक दिसतो म्हणून’ यांपैकी एखादा उचलला, तर ग्राफ काढणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ लोक वाचतात. साक्षरतेच्या ग्राफात गडद निळ्याला मी धरून आहे, कारण तिथे तो कोणाचीही बाजू घेत नाही. एखाद्या मतदारसंघाच्या ग्राफात मी तो टाळेन.

गैरसमज: बाकीचे जितके फिके, तितकं चांगलं

हा गैरसमज मन लावून काम करणाऱ्यांचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. रंगीत स्तंभ आणखी उठून दिसावा म्हणून माणूस बाकीचे स्तंभ फिके करत जातो. #BFBFBF वरून #D9D9D9, तिथून #EFEFEF. लॅपटॉपवर छान दिसतं. सभागृहात प्रोजेक्टर लागतो, खिडक्यांचे पडदे नीट मिटत नाहीत, पडद्यावर उजेड पडतो आणि फिका करडा पांढऱ्यात विरघळतो. समोर उरतो एकटा निळा स्तंभ, ८२.३ उंचीचा.

आता या एकट्या ८२.३ ला अर्थ काय? जास्त की कमी? महाराष्ट्राचा स्तंभ पुढे आहे हे कळतं ते गुजरातचा ७८.० शेजारी दिसतो म्हणून, आणि मागे आहे हे कळतं ते गोव्याचा ८८.७ दिसतो म्हणून. करडे स्तंभ हे मोजायची पट्टी आहेत, पट्टीवरच्या खुणा पुसल्या तर माप घेता येत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅगिल यांनी १९८४ साली प्रयोगांतून दाखवलं की एकाच पायरेषेवर उभ्या असलेल्या गोष्टींची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो, कोन किंवा क्षेत्रफळापेक्षा कितीतरी नेमकी. स्तंभालेखाची सगळी ताकद या तुलनेत आहे. बाकीचे स्तंभ दिसेनासे केले की ती ताकदच जाते.

किती फिकं चालेल याला मोजमाप आहे. पांढऱ्या कागदाशी #D9D9D9 चा उजेडातला फरक साधारण १.४ पट, #BFBFBF चा १.८ पट, #A6A6A6 चा २.४ पट. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे जागतिक निकष आहेत, ते चित्रातल्या समजायला आवश्यक भागांसाठी किमान तिप्पट फरक मागतात. #949494 त्या रेषेच्या जेमतेम पलीकडे जातो. प्रत्येक स्तंभावर आकडा लिहिलेला असेल तर मी #A6A6A6 पर्यंत खाली येतो, कारण मग स्तंभाची मदत पुसट झाली तरी आकडा वाचता येतो. आकडे नसतील तर #949494 च्या खाली जात नाही.

आणि एक चूक फार सर्रास दिसते. स्तंभाबरोबर त्याचं नाव आणि आकडाही तितकाच फिका केला जातो. देवनागरी अक्षरं बारीक आकारात फिकी केली की वेलांट्या आणि मात्रा आधी जातात, ‘मध्य प्रदेश’ वाचताना डोळे बारीक करावे लागतात. स्तंभ करडा असू द्या, अक्षरं #595959 सारख्या गडद करड्यात ठेवा. ती तरीही मागे राहतात, पण वाचता येतात.

गैरसमज: एकदा दिलेला रंग त्या राज्याचाच राहतो

हे माझ्याच हातून घडलेलं आहे. वरचेच सात आकडे, राज्यं अकारविल्हे लावलेली. आंध्र प्रदेश, कर्नाटक, गुजरात, गोवा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, महाराष्ट्र. महाराष्ट्र सातवा. मी सगळे स्तंभ करडे केले आणि सातव्याला निळा दिला. शीर्षक लिहिलं, ‘महाराष्ट्राच्या पुढे फक्त गोवा’. प्रिंट द्यायच्या आधी एका सहकाऱ्याने सुचवलं की उतरत्या क्रमाने लावलं तर बरं दिसेल. सूचना योग्य होती. मी तक्त्यातले आकडे क्रमाने लावले, ग्राफ आपोआप बदलला आणि प्रती छापायला गेल्या.

उतरत्या क्रमात सातवं येतं आंध्र प्रदेश. निळा रंग तिथेच थांबला होता, सर्वांत लहान स्तंभावर. महाराष्ट्र करड्यांमध्ये दुसऱ्या जागी उभा होता. बैठकीत पहिला प्रश्न आला, ‘आंध्रला का रंगवलंय?’ त्याआधी दोन माणसांनी तो ग्राफ तपासला होता. दोघांनीही आकडे पडताळले, रंगाकडे कोणी बघितलं नाही.

घडतं ते असं. एक्सेलमध्ये स्तंभावर पहिल्यांदा क्लिक केलं की अख्खी मालिका निवडली जाते, त्याच स्तंभावर दुसऱ्यांदा क्लिक केलं की तो एकटा निवडला जातो. मग Ctrl+1 दाबून Format Data Point मधून रंग द्यायचा. (दुसरी क्लिक राहून गेली तर सातही स्तंभ निळे होतात, ते निदान लगेच दिसतं तरी.) हा रंग ‘महाराष्ट्र’ या नावाला दिला जात नाही, मालिकेतल्या सातव्या जागेला दिला जातो. आकडे जागा बदलतात, रंग बदलत नाही.

एकदाच छापायचा ग्राफ असेल तर आधी क्रम लावा, रंग सर्वांत शेवटी द्या. दर महिन्याला तोच ग्राफ नव्या आकड्यांनी काढायचा असेल तर हाताने रंग देऊच नका. A मध्ये राज्यं, B मध्ये आकडे, आणि F1 मध्ये ज्या राज्याकडे लक्ष वेधायचं त्याचं नाव लिहा. मग दोन रकाने करा:

```
C2: =IF($A2=$F$1,$B2,NA())
D2: =IF($A2=$F$1,NA(),$B2)
```

ही सूत्रं खालपर्यंत ओढा. C मध्ये फक्त निवडलेल्या राज्याचा आकडा उरतो, D मध्ये बाकी सगळ्यांचे. ग्राफ A, C आणि D यांवरून काढा, C च्या मालिकेला निळा, D च्या मालिकेला करडा. Series Overlap १०० टक्के करा, नाहीतर प्रत्येक राज्यासाठी दोन जागा धरल्या जातात आणि स्तंभ बारीक होऊन आपल्या नावापासून बाजूला सरकतात. आता क्रम कसाही लावा, निळा रंग नावाच्या मागे जातो. F1 मध्ये ‘गोवा’ लिहिलं की गोवा निळा. नावात शेवटी एखादी मोकळी जागा टाइप झाली असेल तर मात्र काहीच निळं होत नाही, ती आधी तपासा.

गैरसमज: बाकीचे करडे करणं म्हणजे ते लपवणं

हा आक्षेप मला मनापासून ऐकावासा वाटतो, कारण तो आकड्यांची काळजी असलेली माणसं घेतात. पण रंगाने स्तंभाची लांबी बदलत नाही. करडा गुजरात अजूनही ७८.० इतकाच उंच आहे, आणि ज्याला तो बघायचा आहे त्याला तो दिसतो. फसवणूक होते ती दुसऱ्या ठिकाणी, आणि रंग तिला हात देतो.

पहिली जागा म्हणजे पायरेषा. उभा अक्ष शून्याऐवजी ६० पासून सुरू केला, तर महाराष्ट्राचा स्तंभ २२.३ उंचीचा होतो आणि आंध्रचा ७.० उंचीचा. खरं प्रमाण जेमतेम सव्वापटीचं, दिसतं तिपटीहून जास्त. सगळे स्तंभ एका रंगाचे असताना बघणारा निदान अक्षाकडे नजर टाकतो. एक स्तंभ निळा केला की नजर थेट त्याच्यावर जाते आणि अक्षावरचा ६० बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. म्हणून रंगीत स्तंभाच्या ग्राफात अक्ष शून्यापासूनच हवा, यात मी सूट देत नाही.

दुसरी जागा म्हणजे कोणाला ग्राफात घेतलं. शेजारी राज्यांत महाराष्ट्र दुसरा येतो. त्याच जनगणनेतला केरळचा ९४.० आणि मिझोरमचा ९१.३ घेतला की तो चौथा होतो. करडे स्तंभ लपलेले नसतात, पण जे ग्राफात आलेच नाहीत ते नक्कीच लपलेले असतात. शीर्षकात ‘शेजाऱ्यांपैकी’ हा शब्द लिहिला तर हिशेब सरळ राहतो. तो गाळला तर तोच ग्राफ खोटं बोलायला लागतो.

तिसरी जागा सर्वांत खोल आहे. महाराष्ट्राचा ८२.३ हा पुरुषांचा ८८.४ आणि स्त्रियांचा ७५.९ मिळून झालेला आकडा आहे. त्या एका निळ्या स्तंभाच्या आत साडेबारा टक्क्यांची दरी आहे. आता याच सात राज्यांचा, पण स्त्री-पुरुषांतल्या दरीचा ग्राफ काढला तर चित्र असं दिसतं: छत्तीसगड २०.०, मध्य प्रदेश १९.५, गुजरात १६.१, आंध्र प्रदेश १५.७, कर्नाटक १४.४, महाराष्ट्र १२.५, गोवा ८.०. पहिल्या ग्राफात तळाशी असलेला आंध्र इथे गुजरातपेक्षा बऱ्या जागी आहे. ‘आंध्र सर्वांत मागे’ म्हणून पहिल्या ग्राफात त्याला रंगवलं असतं तर आकडा खरा असूनही एक अर्धवट गोष्ट पक्की झाली असती. अशा वेळी मी दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी ठेवतो आणि दोन्हीकडे तोच एक स्तंभ रंगवतो. एकच राज्य दोन वेगळ्या जागी दिसलं की वाचणारा स्वतःच थांबतो.

गैरसमज: प्रत्येक ग्राफला हीच युक्ती

दोन स्तंभ रंगवले तर चालतं, फक्त मग बघणारा त्या दोघांची तुलना करणार हे धरून चाला. गोवा आणि महाराष्ट्र असे दोन निळे ठेवले तर लोक त्यांच्यातला ६.४ चा फरक मोजतील. तिसरा रंगवला की डोळा पुन्हा शोधायला लागतो.

आणि काही ग्राफांत एकही स्तंभ रंगवू नये. तालुक्याच्या सभेला सगळ्या गावांचे सरपंच येतात आणि भिंतीवर गावनिहाय शौचालयांचा किंवा पाणीपट्टीच्या वसुलीचा ग्राफ लागतो. तिथे प्रत्येक जण आधी आपलंच गाव शोधणार. एक गाव रंगवलं की त्या गावचा माणूस अवघडून बसतो आणि बाकीच्यांना वाटतं की आपल्या गावाबद्दल आज काही नाही. तिथे सगळे स्तंभ एकाच मध्यम निळ्या रंगात, आडवे, नावं ठसठशीत, आकडा प्रत्येकासमोर. आणि गावं अकारविल्हे, म्हणजे ज्याला जे शोधायचंय ते त्याला सापडतं.